वाटीभर पाणी नव्हे, परळभर: एका पत्राची दुरुस्ती

उन्हाळा लागला तशी सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहिलं. पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं. पत्र असं होतं:

‘माननीय संपादक महोदय, सध्या कडक उन्हाळा सुरू आहे. आपल्याला तहान लागली की आपण लगेच पाणी पितो, पण मुक्या पक्ष्यांनी कुठे जायचं? तरी सर्व वाचकांना नम्र विनंती आहे, की त्यांनी गच्चीवर किंवा खिडकीत पक्ष्यांसाठी वाटीभर पाणी ठेवावं.’

विनंती मनापासूनची होती, भाषा नेटकी होती. पण मी गेली कित्येक वर्षं पक्ष्यांसाठी पाणी ठेवतो आहे आणि त्यात झालेल्या चुका मला अजून टोचतात. म्हणून तिला विचारलं, ‘वाटी केवढी? गच्चीवर नेमकी कुठे? पाणी कधी बदलायचं?’

ती जरा हिरमुसली. ‘मामा, पत्रात एवढं कुठे मावणार?’

मावतं. फक्त आधी आपल्याला नीट कळलेलं असावं लागतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी पत्र समोर ठेवून एकेक प्रश्न सोडवला. तेच इथे लिहितो आहे, कारण ‘पक्ष्यांसाठी पाणी ठेवा’ हे वाक्य दरवर्षी छापून येतं आणि त्यामागचं कारण मात्र बहुतेकदा सांगायचं राहून जातं.

पहिला प्रश्न तिनेच विचारला. पक्ष्याला पाणी लागतं ते फक्त तहानेसाठी का?

नाही. पक्ष्याला घाम येत नाही. आपल्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, पक्ष्याच्या कातडीत त्या नसतातच. त्यातून पक्ष्याचं शरीर मुळात आपल्यापेक्षा गरम. आपलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, बहुतेक पक्ष्यांचं ४० ते ४२. म्हणजे आपल्याला जो सणसणीत ताप वाटेल, ती त्यांची रोजची स्थिती. हवा तिशीत असते तोवर हे सोयीचं असतं. शरीर हवेपेक्षा गरम असल्यामुळे आतली उष्णता आपोआप बाहेर जाते, आणि पंख अंगापासून थोडे सुटे धरले की आणखी भरभर जाते. पण हवा चाळिशीला टेकली की हा रस्ता बंद होतो. हवा आणि शरीर सारखंच गरम, मग उष्णता जाणार कुठे? हवा त्याहून तापली तर उष्णता उलट आत यायला लागते. तेव्हा एकच उपाय हाती उरतो, तो म्हणजे पाण्याची वाफ करणं.

भर दुपारी सावलीत बसलेला कावळा आठवा. चोच उघडी, पंख जरासे सुटलेले, छाती भराभर वरखाली होत असते. त्याला बघून आपण म्हणतो, ‘बिचारा तहानलाय.’ खरं म्हणजे तो त्या क्षणी स्वतःला थंड करत असतो. भराभर श्वास घेऊन तोंडाच्या आणि श्वासमार्गाच्या ओल्या अस्तरावरून हवा फिरवतो, तिथलं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. चिमणी, मैना, बुलबुल हेच करतात. कबुतराची आणि बगळ्याची आणखी एक युक्ती असते. ते गळ्याखालची सैल कातडी फडफडवतात. जवळून पाहिलं तर गळा थरथरताना स्पष्ट दिसतो. त्याला फार ताकद लागत नाही, त्यामुळे उष्णता बाहेर टाकताना नवी उष्णता कमी तयार होते.

आता हिशेब. भाचीला गणित आवडतं म्हणून आम्ही तो वहीत मांडला. चिमणीचं वजन धरा २५ ग्रॅम. एक ग्रॅम पाणी, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग, वाफ होताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. चिमणीचं अख्खं शरीर एका अंशाने थंड करायला साधारण ९० ज्यूल काढावे लागतात. २४०० भागिले ९०, म्हणजे तिचं सगळं शरीर २५ अंशांहून जास्त थंड होईल एवढी उष्णता त्या एका ग्रॅमने बाहेर काढली. अर्थात शरीर खरोखर तेवढं गार पडत नाही, कारण आतून आणि बाहेरून उष्णता येतच असते. पण एवढ्याशा पाण्यात किती ताकद आहे ते यातून कळतं.

वहीचं पान उलटून आम्ही दुसरी बाजूही मांडली. एक ग्रॅम म्हणजे २५ ग्रॅमच्या चिमणीच्या वजनाचा चार टक्के भाग. साठ किलोच्या माणसाने तेवढ्याच प्रमाणात पाणी गमावलं तर ते जवळजवळ अडीच लिटर होईल. भाची गप्प झाली. मग म्हणाली, ‘म्हणजे ती एका दुपारीच सुकून जाईल?’ हो, पाणी मिळालं नाही तर तसंच. धापा टाकणं थांबवलं तर अंग तापतं, चालू ठेवलं तर अंग सुकतं. पक्ष्याचं तापमान ४५-४६ अंशांच्या पुढे गेलं की जीव वाचणं कठीण.

यावरून भांडं जवळ असणं का महत्त्वाचं तेही कळतं. उडताना पक्ष्याच्या छातीचे स्नायू भरपूर उष्णता तयार करतात. तापलेल्या दुपारी दूरच्या तळ्यापर्यंत उडत जायचं तर पाण्यासाठी आणखी पाणी खर्च करावं लागतं. म्हणून अशा वेळी पक्षी सावली सोडत नाहीत, आणि सावलीतच पाणी असलं तर त्यांची ती फेरी वाचते. सगळ्यांना सारखीच गरज असते असं मात्र नाही. किडे किंवा फळं खाणाऱ्यांना खाण्यातून बरंचसं पाणी मिळतं. दाणे खाणाऱ्या चिमण्या-कबुतरांना ते जवळपास मिळत नाही, कारण दाणा कोरडा. तुमच्या भांड्यावर आधी कोण येतं ते पाहा, बहुधा हेच येतील.

इथवर आल्यावर पत्रातला ‘वाटीभर’ हा शब्द आम्हाला खटकायला लागला.

वाटी तोंडाशी अरुंद, आत खोल आणि भिंतीने गुळगुळीत असते. बहुतेक पक्षी चोचीत घोटभर पाणी घेतात, मान वर करतात आणि ते घशाखाली सोडतात. कबुतरं तेवढी वेगळी. ती चोच पाण्यात बुडवून सलग ओढून घेतात. म्हणजे कबुतराला थोडी खोली चालते, पण चिमणीला पाण्याच्या कडेला पाय टेकून उभं राहता आलं पाहिजे. शिवाय पक्षी पाणी फक्त पितात असं नाही, त्यात अंघोळही करतात. ओली पिसंही अंग गार करतात. त्यासाठी पसरट भांडं हवं. कडेशी पाणी दोन-तीन सेंटिमीटर, मध्यभागी फार तर पाच. मातीचं परळ यासाठी उत्तम. कड खरबरीत असल्याने नखं धरतात आणि भाजलेल्या मातीतून थोडं पाणी झिरपून बाहेर वाळत राहतं, त्यामुळे आतलं पाणी गार राहतं. धातूचं भांडं उन्हात चटके देतं आणि प्लॅस्टिकवर पाय घसरतो. घरात दुसरं काहीच नसेल तर प्लॅस्टिकच्या पसरट भांड्यात तीन-चार सपाट दगड असे ठेवा, की त्यांचे माथे पाण्याबाहेर राहतील.

खोलीबद्दल मी इतका आग्रही का, ते तिला सांगितलं. एका उन्हाळ्यात मी अंगणात अर्धी भरलेली बादली ठेवली होती, झाडांना घालायला. दुपारी पाहिलं तर पाण्यावर चिमणी तरंगत होती. पाणी काठापासून वीतभर खाली होतं. ती पाण्याला टेकली, पिसं भिजली, भिजलेल्या पंखांनी सरळ वर उडता येईना आणि गुळगुळीत भिंतीला नखं धरेनात. तहानेने आली आणि पाण्यातच गेली. त्या दिवसापासून आमच्याकडे बादल्या एक तर झाकलेल्या असतात, नाहीतर आत एक फळी तिरकी टाकलेली असते. ही फळीची गोष्ट पत्रात घेता आली नाही, पण ज्यांच्या दारात हौद, टाकी किंवा पिंप उघडं असतं त्यांनी ती जरूर करावी.

जागा. भाचीने लिहिलं होतं ‘गच्चीवर किंवा खिडकीत’. गच्चीच्या मधोमध, भर उन्हात ठेवलेलं पाणी दोन तासांत कोमट होतं आणि संध्याकाळपर्यंत बरंचसं उडून जातं. सावली हवी, आणि ती दुपारची हवी. सकाळी जिथे सावली असते तिथे दुपारी ऊन असू शकतं, म्हणून जागा एक वाजता जाऊन ठरवावी. मांजरांचा वावर असेल तर दाट झुडपाला चिकटून भांडं नको, कारण मांजर तिथेच दबा धरून बसतं. पण जवळपास एखादी फांदी हवी, म्हणजे पक्षी आधी तिथे बसून अंदाज घेतो. भांड्याभोवती दोन-तीन मीटर मोकळी जागा आणि त्यापलीकडे झाड, असं जमलं तर छानच. खिडकीचं म्हणाल तर मोठ्या काचेत पक्ष्यांना आकाशाचं प्रतिबिंब दिसतं आणि ते थेट काचेवर आदळतात. भांडं काचेला अगदी लागून, म्हणजे एका मीटरच्या आत असलं तर दचकून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही, म्हणून मार फारसा बसत नाही. धोका तीन-चार मीटरवर जास्त असतो.

यानंतर मी तिला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. तिच्या पत्रात ती अजिबात नव्हती, आणि अशा आवाहनांत ती क्वचितच दिसते. पाणी ठेवणं हे एक दिवसाचं काम, भांडं धुणं हे रोजचं.

एरवी विखुरलेले पक्षी आपण एका परळाभोवती गोळा करतो. ते त्यात पितात, नाहतात आणि शिटतातही. एक आजारी पक्षी आला तर त्याची लाळ त्याच पाण्यात पडते. ट्रायकोमोनास नावाचा एक सूक्ष्म परजीवी असाच पसरतो. तो पक्ष्याच्या घशात वाढतो, तिथे गाठीसारखा थर धरतो, आणि पक्ष्याला गिळता येईनासं होतं. हा मुळात कबुतरांचा जुना रोग. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमाराला तो ग्रीनफिंच नावाच्या छोट्या हिरवट पक्ष्यांत शिरला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांची संख्या लाखांनी घटली. तिथे घरोघरी बागांमध्ये पक्ष्यांना प्रेमाने खाणं-पाणी ठेवलं जातं, आणि रोग पसरायला त्याच जागा कारणीभूत ठरल्या. प्रेम खोटं नव्हतं. भांडी अस्वच्छ राहिली होती.

या परजीवीची एक दुबळी बाजू आपल्या कामाची आहे. त्याला कोरडेपणा सोसत नाही. म्हणून दोन परळं घ्यावीत. आज एक वापरात, दुसरं घासून उन्हात पालथं. उद्या उलट. पूर्ण वाळणं हेच अर्धं काम आहे. रोज ब्रशने घासलं की पुरे, रोज साबणाची गरज नाही. आठवड्यातून एकदा नऊ भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच घालून भांडं दहा मिनिटं त्यात ठेवावं, मग वास जाईपर्यंत खळखळून धुवावं आणि वाळवावं.

घासण्याचा आणखी एक फायदा डासांच्या बाबतीत होतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर चिकटवतो. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून नवं भरण्याने काम होत नाही, कड घासावी लागते. उन्हाळ्यात अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज घासलेल्या भांड्यात डास तयार होऊच शकत नाहीत. ‘तुमच्या त्या भांड्यांमुळे डास होतात’ असं शेजारी म्हणाले तर त्यांची शंका रास्त असते, आणि तिला हेच उत्तर आहे.

आजारी पक्षी ओळखायचा कसा? पिसं फुगवून गोळा होऊन बसतो, ऐन उन्हातसुद्धा. आपण जवळ गेलो तरी उडत नाही. चोचीभोवती ओलसर, चिकट घाण दिसते, गिळायचा प्रयत्न करतो आणि जमत नाही. असा एखादा दिसला तर भांडं उचलून ठेवावं, दोन आठवडे तरी. भाचीला हे पटेना. ‘बाकीच्यांनी काय करायचं मग?’ बाकीचे विखुरतात, दुसरीकडे पाणी शोधतात, आणि एका भांड्यातून सगळ्यांना लागण होणं टळतं.

उन्हाने ग्लानी येऊन खाली पडलेला पक्षी सापडला तर लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे चोच उघडून आत पाणी सोडणं. ते कधीही करू नका. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. शुद्ध हरपलेल्या पक्ष्याच्या तोंडात सोडलेलं पाणी सरळ तिथे जातं, आणि जो सावलीत तासाभरात सावरला असता तो गुदमरतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, गार जागी ठेवावा. खोक्यात उथळ झाकणात पाणी असू द्यावं. शुद्धीवर आला की तो आपणहून पितो.

एवढं सगळं झाल्यावर पत्र पुन्हा लिहायला घेतलं. वाचकांच्या पत्रांच्या सदरात जागा थोडी असते आणि पत्र लांबलं तर बहुतेक वेळा शेवटाकडून कापलं जातं. त्यामुळे जे कापलं जाऊ नये ते वर घ्यायचं. ‘कडक उन्हाळा सुरू आहे’ हे संपादकांना आणि वाचकांना ठाऊकच आहे, ते गेलं. ‘मुक्या पक्ष्यांनी कुठे जायचं?’ हा प्रश्न तिला फार आवडला होता. त्याच्या जागी कारण आलं, कारण वाचून माणूस उठतो तो कारण पटल्यावर. शेवटी नाव, शाळा आणि इयत्ता. संपर्कासाठी पत्ता आणि पालकांचा फोन नंबर वेगळ्या ओळीवर, ‘छापण्यासाठी नाही’ अशी नोंद करून, कारण पत्र खरंच त्या मुलीचं आहे का याची खात्री करायला संपादकांना तो लागू शकतो. वाक्यं तिचीच राहू दिली. मी एकच शब्द बदलायला सांगितला, ‘वाटी’.

‘माननीय संपादक महोदय,

पक्ष्यांना घाम येत नाही. हवा त्यांच्या अंगाइतकी तापली की ते धापा टाकून अंगातल्या पाण्याची वाफ करतात आणि तसेच थंड राहतात. छोट्या चिमणीचं पाणी एका दुपारीच संपू शकतं. म्हणून वाचकांना विनंती आहे, की दुपारी जिथे सावली असते तिथे एक पसरट मातीचं परळ ठेवावं. पाणी कडेला दोन बोटं, त्याहून खोल नको, नाहीतर लहान पक्षी बुडतात. परळ रोज ब्रशने घासून, वाळवून मगच भरावं. नुसतं पाणी बदललं तर कडेला चिकटलेली डासांची अंडी तशीच राहतात आणि पक्ष्यांचे आजार एकमेकांना लागतात. रोज घासणं जमणार नसेल तर कृपया भांडं ठेवू नका, त्यापेक्षा शेजारच्यांना मदत करा. पहिले काही दिवस एकही पक्षी आला नाही तरी भांड्याची जागा बदलू नका. त्यांना ते सापडायला वेळ लागतो.

आपली विद्यार्थिनी’

पत्र छापून आलं. ‘त्यापेक्षा शेजारच्यांना मदत करा’ एवढं कापलेलं होतं, बाकी जसंच्या तसं. तिच्या स्वतःच्या परळावर पहिले सहा दिवस कोणी आलं नाही. सातव्या दिवशी सकाळी कडेवर ओल्या पायांचे तीन-तीन रेघांचे ठसे दिसले आणि पाण्यात एक करडं पीस. तिने पीस काढून ठेवलं, परळ घासलं, पालथं घातलं आणि दुसरं भरून त्याच जागी ठेवलं.